रिजिड हेडल मागावरचा पहिला स्कार्फ: ताणा कसा लावायचा, काठ सरळ कसे ठेवायचे?

रानजाई

४० सेंमी रुंदीचा रिजिड हेडल माग घेतला आहे. सोबत एकच हेडल आलं, १० सेंमीत ३० धाग्यांचं, म्हणजे इंचाच्या हिशेबात साडेसात. लोकर डीके जाडीची आहे, १०० ग्रॅमच्या लडीत साधारण २१० मीटर. धुऊन झाल्यावर स्कार्फ अंदाजे १६० सेंमी लांब आणि १८-१९ सेंमी रुंद हवा आहे. साधी वीण, एकच रंग.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ताण्याची लांबी आणि धाग्यांची संख्या कशी काढायची? घरात मदतीला कोणी नसताना ताणा रुळावर एकसारखा कसा गुंडाळायचा? आणि काठ. "सवयीने जमतं" हे सगळीकडे वाचलं, पण हाताने नेमकं काय करायचं ते कोणी सांगत नाही. इथे सांगाल का?

अवधूत_सातारा

ताणा तंबोऱ्याच्या तारेसारखा घट्ट ठेवा आणि प्रत्येक फेरीला आडवा धागा नीट ओढून घ्या. काठ आपोआप सरळ येतात. बाकी काही अवघड नाही.

कापूसकोंडा

मुंबईत लोकरीचा स्कार्फ घालणार कधी? पहिला स्कार्फ सुतीच करावा ना? मलाही हेच करायचं आहे, म्हणून विचारतोय.

सोनचाफा

रानजाई, आधी हिशेब. माप धुतल्यानंतरच्या स्कार्फवरून मागे मागे काढत जायचं.

रुंदी आधी घेऊ. विणताना कापड थोडं आत येतं आणि धुतल्यावर आणखी. १८-१९ सेंमी हवं असेल तर हेडलमध्ये २२ सेंमी रुंदी भरा. सेंमीला ३ धागे म्हणजे ६६ धागे.

लांबी: लोकर मागावरून उतरल्यावर आक्रसते, धुतल्यावर आणखी आक्रसते. १६० साठी मागावर ताणलेल्या अवस्थेत १८० सेंमी विणा. उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून खालून नागमोडी जातो, त्यात आणखी काही लांबी जाते, ती १५ सेंमी धरा. शिवाय पुढच्या दांडीला बांधायची टोकं आणि शेवटी हेडलच्या मागे अडकून राहणारा, विणताच न येणारा भाग मिळून ५० सेंमी. दशा याच ५० मधून निघतात, त्या वेगळ्या धरायला नकोत. बेरीज २४५, म्हणून खुंटी २.५ मीटरवर लावा.

उभ्या धाग्यांना ६६ गुणिले २.५, म्हणजे १६५ मीटर. आडव्यासाठी सेंमीला ३ फेऱ्या धरल्या तर १८० सेंमीत ५४० फेऱ्या. प्रत्येक फेरी २२ सेंमीची आणि वर दहा टक्के, मिळून १३० मीटर. एकूण ३०० च्या आत. दीड लडीत जेमतेम बसतं, त्यामुळे दोन लडी घ्याच. उभा धागा कमी पडला तर स्कार्फ अरुंद करता येतो, पण आडवा धागा संपला तर काहीच करता येत नाही.

उत्तरायण

सोनचाफांच्या हिशेबाला अनुमोदन. फक्त धुतल्यावर किती आक्रसेल ते लोकरीवर फार अवलंबून आहे. लेबलवर मशीनमध्ये धुता येते असं लिहिलेली लोकर फारशी आक्रसत नाही. तशी असेल तर १७० सेंमी विणलं तरी चालेल. खात्री करायची असेल तर ताण्याच्या सुरुवातीला १५ सेंमी नमुना विणून, कापून, धुऊन बघा. त्यासाठी ताणा ३० सेंमी जास्त लावावा लागेल.

अवधूत_सातारा

नमुना विणून कापायचा म्हणजे पुन्हा गाठी बांधा. पहिल्या स्कार्फला एवढं कशाला?

सोनचाफा

अवधूत, नमुना ऐच्छिक आहे, तो मुद्दा मान्य. पण तुमच्या आधीच्या सल्ल्यातला अर्धाच भाग बरोबर आहे. ताण पुरेसा असला की हेडल वर-खाली केल्यावर धाग्यांमधली वाट स्वच्छ उघडते, हे खरं. पण लोकर लवचिक असते. तारेसारखी ताणून विणली की उतरवल्यावर ती परत आपल्या लांबीला येते आणि कापड आखूड व जाड होतं. उघड्या तळव्याने ताण्यावर दाबलं की तो सेंमीभर खाली जावा, इतपत ताण लोकरीला पुरे. सुताला याहून जास्त लागतो.

आणि आडवा धागा ओढून घेणं, ते मात्र अजिबात करू नका. काठ बिघडण्याचं मुख्य कारण तेच आहे. त्यावर सविस्तर लिहिते, आधी ताणा लावून घेऊ.

कापूसकोंडा

माझा सुताचा प्रश्न राहिला.

उत्तरायण

कापूसकोंडा, सुती करा, पण ते थोडं अवघड जातं. लोकर ताण्यातला लहानसहान फरक पोटात घेते, एखादा धागा सैल असला तरी ओढून बरोबरीला येतो. सूत ताणलं जात नाही, त्यामुळे सैल धागा शेवटपर्यंत सैलच राहतो. सुती करायचं तर फोरप्लाय जाडीचं विणकामाचं सूत घ्या आणि १० सेंमीत ४० धाग्यांचं हेडल लावा. हेच साडेसातचं हेडल वापरलंत तर कापड जाळीदार होईल आणि धागे सरकतील.

सोनचाफा

आता ताणा. एकट्याने करता येतो, घाई मात्र करायची नाही.

माग टेबलाला दोन क्लॅम्पने घट्ट बसवा, मागचा रूळ टेबलाच्या कडेला येईल असा. हेडल मधल्या खाचेत, म्हणजे वर नाही आणि खाली नाही. मागाच्या पुढच्या बाजूला, मागच्या दांडीपासून २.५ मीटरवर दुसऱ्या जड टेबलाला खुंटी लावा. ते टेबल हलकं असेल तर खुंटी ताण्याच्या ओढीने हळूहळू जवळ येते आणि शेवटचे धागे पहिल्यापेक्षा आखूड होतात. मग पहिल्या बाजूचे धागे लोंबकळतात. अशा टेबलावर वजन ठेवायचं.

हेडलचा मध्य शोधून त्यावर रंगीत दोरा बांधा. मध्यापासून डावीकडे ११ सेंमी मोजा, सुरुवात तिथून. ४० सेंमीच्या हेडलवर दोन्हीकडे ९ सेंमी मोकळे राहतील. ताणा एका बाजूला सरकला तर पुढे दोन्ही काठांचा ताण सारखा राहत नाही.

गोळा मागाच्या पाठीमागे जमिनीवर पातेल्यात ठेवा, म्हणजे तो घरंगळणार नाही आणि धाग्याला झटके बसणार नाहीत. धाग्याचं टोक मागच्या दांडीला बांधा. आकडा पुढून हेडलच्या पहिल्या फटीतून मागे घाला, धागा पकडून फास पुढे ओढा आणि खुंटीवर अडकवा. फटीत आता दोन धागे आहेत. पुढच्या फासासाठी धागा दांडीच्या उलट बाजूने आणा, आधी वरून आला असेल तर आता खालून. मग पुन्हा वरून. एकही फट न सोडता ३३ फास झाले की ६६ धागे झाले. भोकं या टप्प्यावर रिकामीच असतात. शेवटचं टोक दांडीला बांधा.

फास खुंटीवर घालताना ओढायचा नाही, नुसता सरळ होईल इतकाच ताण. दमून मध्ये थांबलात तर हाताचा ताण बदलतो आणि ते ताण्यात दिसतं, म्हणून हे काम एका बैठकीत करा.

येवलेकर

हा धागा पैठणीचा आहे ना? आमच्याकडे येवल्यात माग खड्ड्यात असतो आणि पायाने पावड्या दाबतात. तुमच्या या मागावर पैठणी होईल का?

उत्तरायण

येवलेकर दादा, इथे टेबलावर मावणाऱ्या छोट्या मागाची चर्चा चालू आहे. तुमच्या मागावर फणी वेगळी आणि धागे उचलणारी सोय वेगळी. इथे एकाच चौकटीत दोन्ही कामं होतात, धागे उचलणं आणि ठोकणं. म्हणून तिला फटी आणि भोकं दोन्ही असतात: भोकातले धागे वर-खाली होतात, फटीतले जागच्या जागी राहतात. पैठणीच्या रेशमाला लागते तेवढी दाट वीण साडेसातच्या हेडलवर येणार नाही. पण पदराच्या नक्षीत जसे रंग एकमेकांत अडकवत विणतात, ते तंत्र जाड लोकरीवर शिकायला हा माग चांगला आहे.

येवलेकर

असं होय. मग काठाचं एक सांगतो, ते सगळ्या मागांना लागू आहे. धोटा पलीकडे गेल्यावर धागा काठाला टेकला की थांबायचं. पुढे ओढायचं नाही.

सोनचाफा

येवलेकरांनी एका वाक्यात सांगितलं ते खरंच सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावर पुढे येतेच. आधी गुंडाळणं.

खुंटीवरचे फास कापायच्या आधी खुंटीपाशी पक्क्या दोऱ्याने घट्ट बांधा, मग कापा आणि टोकाला एक गाठ मारा. आता हा सबंध ताणा मागच्या रुळावर जाणार. प्रत्येक वेढ्यात खाकी कागद घालायचा. कागद ताण्यापेक्षा दोन्हीकडे ३ सेंमी जास्त रुंद हवा. कागद नसेल तर वरचे धागे खालच्या धाग्यांत रुततात आणि काही सैल होतात. कागद अरुंद असेल तर कडेचे धागे त्यावरून घसरून खाली पडतात आणि ढिले होतात. काठ सैल पडण्याचं एक कारण विणण्यात नसून इथे असतं.

एकट्याने: मागे जाऊन रूळ एक फेरा फिरवा, खटका दातात बसला ना ते पाहा. पुढे येऊन ताणा दोन-तीन जुडग्यांत धरून एकेक जुडगं सरळ ओढा. परत मागे. बोटांनी ताणा विंचरू नका. विंचरल्याने सैल लांबी एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलली जाते, नाहीशी होत नाही. हेडलच्या पुढे ३० सेंमी उरेपर्यंत गुंडाळा.

मीराबेन_ठाणे

कागद पसरला की आमचं मांजर त्यावर येऊन बसतं. ताण द्यायला तेवढंच वजन!

सोनचाफा

:) वजन चालेल, नखं चालणार नाहीत.

आता ओवणं. प्रत्येक फटीत दोन धागे आहेत. त्यातला उजवीकडचा धागा काढून लगेच उजवीकडच्या भोकात घाला. सगळीकडे उजवाच, उजव्याच भोकात. मध्येच बाजू बदलली तर दोन धागे शेजारी-शेजारी एकाच पातळीला येतील. दोन्ही धागे एकमेकांवरून गेले असतील तर ते हेडलच्या मागे सुटे करून घ्या, तसेच ओवले तर वाट उघडताना अडकतात.

मग ८-८ धाग्यांची जुडगी करून पुढच्या दांडीला बांधा. आधी मधलं जुडगं, मग त्याच्या डावीकडचं, मग उजवीकडचं, असं बाहेर जा. पहिल्यांदा नुसती अर्धी गाठ. सगळी झाली की पुन्हा मधून सुरुवात करून ओढून घ्या. तळवा सगळ्या ताण्यावरून फिरवा, जे जुडगं मऊ लागेल ते ओढा, आणि मगच वरची अर्धी गाठ मारा. दोन वेळा फिरवून बघितल्यावर बहुतेक वेळा सगळी जुडगी एकसारखी लागतात.

अवधूत_सातारा

रुंद ताण्याला एकच खुंटी असेल तर कडेचे धागे लांब होतात, कारण ते तिरपे जातात. म्हणून दोन खुंट्या लावा असं वाचलं आहे.

उत्तरायण

रुंद ताण्यासाठी बरोबर आहे, इथे गरज नाही. २२ सेंमी रुंदीत कडेचा धागा मध्यापासून ११ सेंमी बाजूला असतो. २.५ मीटर लांबीवर त्यामुळे पाव सेंमी फरक पडतो, तो लोकर गिळून टाकते. ६० सेंमी रुंद ताण्यात मात्र फरक पावणेदोन सेंमीच्या आसपास जातो, तिथे दोन खुंट्या हव्यातच.

रानजाई

ताणा लावून, ओवून झाला. ६६ धागे मोजले, बरोबर आहेत. पण हेडल वर केलं की एका ठिकाणी दोन धागे शेजारी-शेजारी खालीच राहतात, आणि त्याच्या शेजारी वाट नीट उघडत नाही. विणायला सुरुवात केलेली नाही.

सोनचाफा

दोन धागे एकत्र खाली राहिले म्हणजे ते दोन्ही फटीत आहेत. मागाच्या बाजूने, दिव्याकडे तोंड करून बघा. एखादं भोक रिकामं असेल. ते त्या दोघांच्या मध्येच असेल तर एका फटीतला धागा काढून त्यात घाला, एवढंच. भोक रिकामं नसेल तर त्या जागी एक धागा जास्तीचा फटीत राहून पुढच्या सगळ्या धाग्यांची जागा सरकली आहे. मग ज्या बाजूचे धागे कमी, त्या बाजूने ओवण पुन्हा करावं लागेल. आता केलंत तर पंधरा-वीस मिनिटांचं काम, १० सेंमी विणल्यावर बरंच जास्त. शेजारची वाट अडकते आहे ती बहुधा मागे एकमेकांवरून गेलेल्या धाग्यांमुळे. तेही त्याच वेळी दिसेल.

रानजाई

मधलं भोकच रिकामं होतं. घातला धागा, आता वाट साफ उघडते. पण पुढे गाठींपाशी ताणा गुच्छागुच्छाने दिसतो. विणायला सुरुवात करताना ही गुच्छं कशी काढायची?

उत्तरायण

टाकाऊ जाड सूत घ्या. हेडल वर करून एक फेरी, खाली करून दुसरी, पुन्हा वर करून तिसरी घाला आणि मध्ये ठोकू नका. तिन्ही झाल्या की एकदम ठोका. असं दोन-तीनदा केलं की धागे हेडलच्या रुंदीला पसरतात. मग स्कार्फचा धागा लावा. सुरुवातीला त्याचं टोक रुंदीच्या चौपट, म्हणजे सुमारे ९० सेंमी लोंबतं सोडा. चार-पाच फेऱ्या झाल्या की त्याच टोकाने सुईने हेमस्टिच करता येते, दर वेळी चार उभे धागे घेऊन.

मृदुला_औरंगाबाद

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा डावा काठ सरळ येतो, पण उजव्या काठाला प्रत्येक फेरीत छोटा फास राहतो. हाताची चूक की ताण्याची, कसं ओळखायचं?

सोनचाफा

मृदुला, उजवीकडच्या सगळ्यात बाहेरच्या धाग्यावर बोट दाबा, मग त्याच्या आतल्या धाग्यावर. बाहेरचा जास्त खाली जात असेल तर ताण्याची चूक: मागे कागदावरून घसरला असेल. त्या धाग्याला मागच्या बाजूला एस आकाराचा आकडा लावून त्याला छोटं वजन अडकवा, इतरांच्या बरोबरीला येईल. दोन्ही धागे सारखेच लागत असतील तर हात. बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा वेगळा ओढतो.

आणि एक बघा, तुमच्या उजव्या टोकाचा धागा फटीत आहे की भोकात?

मृदुला_औरंगाबाद

उजवा भोकात, डावा फटीत. धागे सम संख्येत आहेत.

सोनचाफा

मग थोडा फरक त्यामुळेही पडतो. भोकातला धागा हेडलबरोबर वर-खाली होतो, फटीतला जागेवरच राहतो, त्यामुळे दोन्ही काठांना आडवा धागा वेगळ्या तऱ्हेने वळतो. मी विषम संख्या घेते, म्हणजे दोन्ही टोकं फटीत येतात. इथे ६६ ऐवजी ६५.

उत्तरायण

इथे माझं मत वेगळं आहे. साध्या विणीत सम-विषमाने काठ सुधारतो असं मला वाटत नाही. हात स्थिर असेल तर सम संख्येतही दोन्ही काठ सारखे येतात. काही जण टोकाला दोन धागे एकत्र घेतात. त्याने काठ भरीव होतो, सरळ होईलच असं नाही. बारीक सुताला ते उपयोगी पडतं, डीके लोकरीला ती जागा जाड दिसते.

सोनचाफा

मतभेद राहू द्या, दोन्ही रीतींनी चांगले काठ येतात. आता रानजाईंचा मुख्य प्रश्न, हाताने काय करायचं. दोनच गोष्टी आहेत.

पहिली, आडवा धागा तिरपा घालायचा. धोटा पलीकडे गेला की काठाशी धागा बोटाने हलकेच धरा. तो बाहेरच्या उभ्या धाग्याला टेकलेला हवा, त्याला आत वाकवलेला नको. मग धोट्याकडचं टोक विणलेल्या कडेपासून ८ सेंमी वर उचला. २२ सेंमी रुंदीत तेवढ्या तिरपेपणाने दीड सेंमी जास्तीचा धागा आत जातो. ठोकल्यावर तोच धागा उभ्या धाग्यांच्या वरून-खालून वळण घ्यायला वापरला जातो. तिरपा नसेल तर ती लांबी दुसरीकडून यायला हवी, म्हणून काठ आत ओढले जातात. तिरपेपणा फार झाला तर कापडात छोटे फास उठतात. ८ सेंमीपासून सुरुवात करून बघा. वाट उघडीच ठेवून ठोका, मग हेडल बदला.

दुसरी, धोट्यावरून धागा आधीच सोडायचा. पुढच्या फेरीला पुरेल इतका मोकळा करून मगच धोटा आत घाला. वाटेतच धागा संपला तर हात नकळत ओढतो आणि तो झटका थेट काठाला बसतो. पट्टीचा धोटा कापडाच्या रुंदीएवढा किंवा थोडा जास्त लांब घ्या, म्हणजे पलीकडून टोक लगेच हाती येतं. आणि त्यावर फार धागा भरू नका. जाड धोटा वाटेतून जाताना उभे धागे खरवडतो.

अवधूत_सातारा

म्हणजे ओढून घ्यायचा नाही, आणि मोकळाही सोडायचा नाही. मग "आत आला" हे कळतं कसं?

सोनचाफा

चांगला प्रश्न. जाड कागदाची पट्टी कापा. पहिले ५ सेंमी विणून झाल्यावर कापड जितकं रुंद असेल तितकीच, समजा २०.५ सेंमी. दर १० सेंमीला पट्टी लावून बघा. २२ वरून २०.५ वर येणं चालतं, २०.५ वरून १९ वर घसरत जाणं चालत नाही. रुंदी किती आहे यापेक्षा ती टिकते का, हे बघायचं.

दुसरी खूण कडेच्या धाग्याची. हेडल त्याला २२ सेंमीवर धरून ठेवतं आणि कापड आत खेचतं. त्यामुळे तो तिरपा होऊन प्रत्येक ठोक्याला हेडलवर घासतो. त्यावर केस उठले, लव जमली, की समजा कापड फार आत आलंय. तरीही तसंच विणत राहिलात तर तो तुटतो.

रानजाई

आणि तुटला तर?

उत्तरायण

तेवढ्याच लांबीचा नवा धागा घ्या. तुटलेल्याच्या भोकातून किंवा फटीतून ओवा. पुढे कापडात ३ सेंमी खाली टाचणी आडवी लावून तिच्याभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळा, मागे वजन बांधून लोंबकळता सोडा. जुनं टोक आणि नवं टोक दोन्ही धुण्याआधी सुईने कापडात ओवून टाका.

मीराबेन_ठाणे

आडवा धागा मध्येच संपला की जोड कुठे द्यायचा? मी काठाला देते.

सोनचाफा

लोकरीत मी मध्ये देते. जुनं टोक आणि नवं टोक एकाच वाटेत ४ सेंमी एकमेकांवर ठेवायचं. लोकर धुतल्यावर ते मिसळून जातं. काठाला दिलं तर तिथे दुहेरी जाडी येते आणि पट्टीने मापताना तीच जागा फुगलेली दिसते.

मीराबेन_ठाणे

पण मध्ये जाड पट्टा दिसतो ना, निदान गुळगुळीत सुतात. काठाला टोक बाहेरच्या धाग्याभोवती वळवून त्याच फेरीत परत आत घेतलं की काही कळत नाही.

उत्तरायण

सुताला मीराबेन बरोबर, लोकरीला सोनचाफा. अजून एक राहिलं. पुढे सरकताना आधी मागचा खटका सोडा, मग पुढचा रूळ फिरवा. आणि लवकर लवकर सरका, ८-१० सेंमी झाले की. विणलेली कड हेडलच्या फार जवळ आली की वाट लहान होते, धोटा तिरपा जात नाही, आणि काठ पुन्हा आत येऊ लागतात. दर वेळी सरकल्यावर तळव्याने ताण तपासा, तो आधीसारखाच हवा.

कापूसकोंडा

ठोका किती जोरात?

सोनचाफा

ठोकायचं म्हणजे आपटायचं नाही. हेडल कापडाला लावून धागा जागेवर ढकलायचा. सेंमीला ३ फेऱ्या बसल्या की थांबा. मागावर कापड विरळ दिसेल, धाग्यांमधून छोट्या चौकोनी खिडक्या दिसतील, त्या हव्यातच. धुतल्यावर लोकर फुलून त्या भरतात. मागावरच दाट ठोकलंत तर स्कार्फ पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि ५४० ऐवजी कितीतरी जास्त फेऱ्या लागून धागा कमी पडतो.

रानजाई

६० सेंमी विणून झाले. पट्टी लावते आहे, २०.५ आणि २० च्या मध्ये आहे. धुताना काय करायचं तेही सांगा, म्हणजे उतरवल्यावर थांबावं लागणार नाही.

उत्तरायण

विणून झाल्यावर दुसऱ्या टोकालाही हेमस्टिच मागावर असतानाच करून घ्या, ताण असताना ते नीट बसतं. मग १५ सेंमी दशा सोडून कापा. धुण्याआधी दशांना पीळ घाला: चार-चार धाग्यांचे दोन गट घेऊन दोन्ही उजवीकडे पिळा, मग दोन्ही एकत्र करून डावीकडे सोडा, खाली गाठ. न पिळता धुतल्या तर लोकरीच्या दशा एकमेकांत गुंततात.

कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, अर्धा तास नुसतं भिजू द्या. मशीनमध्ये न धुता येणारी लोकर असेल तर हाताने हलकेच दाबत राहा आणि मधून मधून काढून बघा. खिडक्या भरल्या की थांबा, पुढे गेलात तर नमदा होतो आणि परत येत नाही. पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. आडवा पसरून वाळवा, दोरीवर टांगू नका, ओली लोकर स्वतःच्या वजनाने लांबते.

मृदुला_औरंगाबाद

वजन लावून पाहिलं. उजवा काठ बराच सुधारला, पण अजून क्वचित फास येतो.

सोनचाफा

उरलेला बहुधा हाताचा असेल. उजवीकडून घातलेला धोटा डावीकडे बाहेर काढल्यावर, तिरपा उचलायच्या आधी, उजव्या काठाशी अंगठा आणि तर्जनीने धागा पकडता का ते बघा. न पकडता उचललात तर तिरपेपणाचा जास्तीचा धागा काठाला जाऊन बसतो, आत जात नाही.